फ्रेमिंग एरर: सुटं अक्षर बरोबर, सलग ओळ कचरा

दोन एटमेगा ३२८ चिप युआर्टने एकमेकींशी जोडल्या होत्या, दोन्हीकडे ९६०० बॉड. एकेक अक्षर मध्ये थोडं थांबून पाठवलं की बरोबर पोचायचं. तीच अक्षरं सलग पाठवली की काही नीट, बाकी कचरा. वायर, ग्राउंड, सेटिंग सगळं जागच्या जागी होतं.

घेणाऱ्या चिपमध्ये आधी फ्रेमिंग एरर मोजायला लावले. FE0 हा बिट UDR0 वाचायच्या आधीच बघावा लागतो:

```c
uint8_t st = UCSR0A;
uint8_t ch = UDR0;
if (st & (1 << FE0)) errors++;
```

सुट्या अक्षरांना शून्य, सलग ओळीत आकडा भराभर वाढला. म्हणजे स्टॉप बिटच्या जागी लाइन खाली सापडत होती.

मग पाठवणाऱ्या चिपकडून नुसता `U` सोडत राहिलो आणि स्कोप लावला. `U` म्हणजे 0x55, त्यात स्टार्ट बिटपासून स्टॉप बिटपर्यंत लाइन दर बिटला पलटते, त्यामुळे मोजायला सोपं. स्टार्टच्या उतारापासून स्टॉप बिट सुरू होईपर्यंत ९ बिट होतात. तिथे साधारण ९३६ मायक्रोसेकंद हवे होते, दिसले ८९१. म्हणजे एक बिट १०४ ऐवजी ९९ चा, जवळपास ५ टक्के घाईत.

घेणारी चिप स्टार्टच्या उतारापासून घड्याळ लावते आणि प्रत्येक बिट अंदाजे मधोमध तपासते. स्टॉप बिट तपासायची तिची वेळ साडेनऊ बिटांनी, म्हणजे ९८८ मायक्रोसेकंदांना येते. उतार लक्षात यायलाच ५-६ मायक्रोसेकंद जाऊ शकतात. इकडे अख्खी फ्रेम ९९० मध्येच आटोपते. मागोमाग दुसरा बाइट असेल तर बऱ्याचदा त्याचाच स्टार्ट बिट हाती लागतो. वर तो उतारही हुकतो आणि पुढचं वाचन भलत्याच बिटापासून सुरू होतं. सुट्या अक्षरानंतर मात्र लाइन वरच असते, म्हणून तक्रार नाही.

पाठवताना दोन स्टॉप बिट ठेवून पाहिले. एरर थांबले! प्रत्येक स्टार्ट बिटला हिशेब नव्याने सुरू होतो, चूक पुढच्या बाइटमध्ये साठत नाही. पण मला हे पटलं नाही, कारण शेवटचा डेटा बिट ८९१ ला संपतो आणि तो ८८४ च्या पुढे तपासला जातो. उतार ओळखण्यातला उशीर धरला तर हाती काहीच उरत नाही.

मूळ दोष घड्याळात होता. घेणारी चिप १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर होती, पाठवणारी आतल्या ८ मेगाहर्ट्झ आरसी ऑसिलेटरवर. कारखान्यातून त्याची अचूकता फक्त १० टक्क्यांच्या आत असल्याची हमी मिळते. OSCCAL चा आकडा एकेकाने कमी करत स्कोपवर ९ बिट ९३६ च्या आसपास आणले, एक स्टॉप बिट परत ठेवला, आणि सलग ओळ स्वच्छ आली. व्होल्टेज किंवा तापमान बदललं की हा ऑसिलेटर पुन्हा सरकतो, म्हणून उघड्यावर चालणाऱ्या बोर्डावर मी सरळ क्रिस्टलच लावतो.