वर्तुळाबाहेरची आठवण

‘घरातून निघताना आठवण कर’ असे फोनला सांगितले की आपल्या डोळ्यांसमोर उंबरठा येतो. फोनच्या लेखी मात्र उंबरठा नावाची गोष्टच नसते. त्याच्याकडे असते नकाशावर घराभोवती काढलेले एक वर्तुळ, आणि त्याची त्रिज्या सहसा शंभर मीटरच्या खाली नेण्यात अर्थ नसतो. अँड्रॉइडसाठी ॲप बनवणाऱ्यांनाही ती किमान शंभर ते दीडशे मीटर ठेवावी, अशीच शिफारस आहे. शिवाय हे वर्तुळ जमिनीवर सपाट पसरलेले असते. अकराव्या मजल्यावरून लिफ्टने पार्किंगमध्ये उतरलेला माणूस स्वतःच्या मते घराबाहेर पडलेला असतो, पण फोनच्या मते तो जागचा हललेलाही नसतो.

रेषा ओलांडल्यावर तरी लगेच घंटी वाजावी, तर तसेही होत नाही. उपग्रह, मोबाइलचे मनोरे आणि आसपासचे वाय-फाय यांवरून काढलेले स्थान सतत थोडेफार हलत असते, त्यामुळे काठाशी उभ्या असलेल्या माणसाला दर मिनिटाला ‘निघालात’, ‘आलात’ असे ऐकावे लागू नये म्हणून फोन खात्री करून घेतो. आयफोन रेषेच्या पलीकडे थोडे अंतर गेल्यावर साधारण वीस सेकंद थांबून मग बोलतो. अँड्रॉइडवर हा उशीर दोन-तीन मिनिटांचा असू शकतो आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल, तर सहा मिनिटांपर्यंतही जाऊ शकतो. सकाळी निघताना रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन नेमका त्याच अवस्थेत असतो.

आता हे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत बसवून पाहू. इमारतीपासून फाटक साठ मीटरवर आहे आणि वर्तुळाची कड पुढच्या चौकाच्या अलीकडे पडते. स्कूटर ताशी पंचवीस किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. वीस सेकंदांत आणखी सुमारे एकशे चाळीस मीटर जातात, तीन मिनिटांत सव्वा किलोमीटर. एवढ्या अंतरावर फोन डिकीत आणि कान हेल्मेटमध्ये असताना ‘डबा घेतला का?’ असा प्रश्न आला, तरी तो सिग्नलला थांबल्यावरच कळायचा.

म्हणूनच कोणती वस्तू या आठवणीवर सोपवायची, हे निवडून घ्यावे लागते. किल्ली सोपवू नये, कारण लॅचचे दार ओढून घेतल्यावर तीनशे मीटरवर मिळालेले ज्ञान फक्त किल्लीवाल्याला बोलावण्यापुरते उपयोगी पडते. तिची जागा दाराच्या आतल्या खुंटीवरच. डब्याचे तसे नाही. घरी कोणी असेल, तर फोन करून तो फाटकाशी मागवता येतो. सर्वांत चांगली जमतात ती कागदपत्रे, विशेषतः पासपोर्ट कार्यालयात मूळ प्रती न्यायच्या दिवशी, कारण तिथली वेळ ठरलेली असते, आपण हाताशी वेळ ठेवून निघालेले असतो आणि एक किलोमीटर मागे फिरणे परवडते.

घंटी लवकर वाजावी यासाठी एक युक्ती आहे. नकाशावरची खूण घरावर न ठेवता रस्त्याच्या विरुद्ध दिशेला सत्तर-ऐंशी मीटर सरकवायची, म्हणजे घर वर्तुळाच्या काठाशी येते आणि फाटकाच्या अलीकडेच रेषा ओलांडली जाते. मात्र स्थानाची ती नेहमीची हलचल मग आपल्याला भोवते आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ‘कागदपत्रे घेतलीत का?’ अशी विचारणा होऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे घरचे वाय-फाय सुटले की आठवण, आणि तो बहुधा जिन्यातच काम करतो. फक्त वीज गेली आणि राउटर बंद पडला, की अंधारात सोफ्यावर बसलेल्या माणसालाही फोन निघालेला समजतो. दोन्ही प्रकारांत सकाळी आठ ते दहा अशी वेळेची मर्यादा घातली, तर संध्याकाळी कोथिंबीर आणायला जाताना डब्याची चौकशी तरी होत नाही.

यावर काही जण डब्याच्या पिशवीत एअरटॅग, म्हणजे वस्तू कुठे आहे हे आयफोनला कळवणारी ॲपलची छोटी चकती, टाकून ठेवतात आणि तरीही फोन गप्प राहिला की चकित होतात. वस्तू मागे राहिली की कळवणाऱ्या त्यातल्या ‘Notify When Left Behind’ या सोयीत घराचा पत्ता सहसा वगळलेलाच असतो, कारण वस्तू घरी राहणे म्हणजे ती सुरक्षित असणे, असे बनवणाऱ्याने गृहीत धरले आहे. डबा घेऊन निघणाऱ्यांना नेमके उलटे हवे असते. ती सूट काढून टाकता येते. मग मात्र रविवारी नाटकाला निघाल्यावरही, रिकामी पिशवी मागे राहिल्याची तक्रार ऐकून घ्यावी लागते.