हातावर तुरी, बाजारात तुरी

शब्द कागदावर कसे मांडलेत त्यावरून म्हण नाहीतर वाक्प्रचार ओळखायचा, अशी ही कोडी. कागदावर ‘हात’ लिहायचं आणि त्याच्या डोक्यावर ‘तुरी’. लातूरच्या आडतीत उभ्या माणसाला हे कोडं वाटणारसुद्धा नाही: हातावर तुरी! तीच तुरी उतरवून ‘बा तुरी जार’ अशी मांडली की बाजारात तुरी. भट-भटणीचं भांडण मग ज्याचं त्यानं आठवायचं.

मराठीत या कोड्यांचा जीव प्रत्ययात नि शब्दयोगी अव्ययात असतो. आत लिहिलंय म्हणजे ‘-त’, डोक्यावर म्हणजे ‘-वर’, पायाशी म्हणजे ‘खाली’. यातलं काहीही लागलं की शब्दाचं रूप बदलतं आणि नुसतं बघत बसणारा इथंच अडकतो. कागदावर ‘दिवा’ आणि त्याखाली ‘अंधार’ असतो. ‘दिव्या’ कुठंच नसतं. मोठ्यानं दोनदा म्हणून बघितलं की जीभच ‘दिव्याखाली’ करून टाकते.

कुठून सुरुवात करायची, याला मात्र नियम नाही. दिवा वरून वाचायचा. वर ‘शहाणा’ नि खाली ‘उंट’ असेल तर खालून. नाहीतर ‘शहाण्याखाली उंट’ असं भलतंच निघतं. दोन्हीकडून वाचावं, कानाला ओळखीचं लागेल ते घ्यावं. कोडं घालणाऱ्यानं मधे रेघ मारू नये. शिरोरेषा आधीच आहे, त्यात आणखी एक रेघ आली की लोक ‘शहाणा छेद उंट’ म्हणत अपूर्णांक सोडवायला बसतात.

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ घ्या. दुसरा भाग सोपा: मधे ‘गाव’, चारी बाजूंनी ‘वळसा’. पहिल्यासाठी ‘काख’ फोडून आत ‘कळसा’ घालायचा. पण सलग लिहिलं तर होतं ‘काकळसाख’, आणि लोकांना सुरुवातीला काक दिसतो, शेवटी अर्धी साखर. मग कळसा बारीक अक्षरात लिहावा असं वाटतं. तेही चुकतं, कारण आकार हीसुद्धा खूणच. सोडवणारा ‘लहान कळसा’ शोधत बसतो. ‘का कळसा ख’ असं अंतर सोडलं की पुरतं.

आकाराची कोडी एकमेकांत मिसळतात. बारीक ‘नाक’, ठसठशीत ‘मोती’: नाकापेक्षा मोती जड. बारीक ‘तोंड’, ठसठशीत ‘घास’: लहान तोंडी मोठा घास. फरक एवढाच, की मोती नाकाशेजारी असतो आणि घास ‘तों’ नि ‘ड’च्या मधे.

फोनवर यातलं बरंच बिघडतं. ओळी सरकतात, वरचा शब्द शेजारी जातो. शब्द अक्षराच्या सांध्यावर न फोडता काना वेगळा काढला, तर त्याच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ तर वहीतच जमतं. ‘डाघ’ लिहिलं तर घडा उलटा होतो, पालथा नाही. आधी सरळ ‘पाणी’ लिहायचं, मग वही उलटी फिरवून त्याच्या वर ‘घडा’. वही सरळ केली की घडा पालथा होऊन पाण्याखाली येतो. आणि सोडवणाऱ्यानं वही फिरवली, की घडा सरळ होतो खरा, पण पाणी उलटं होऊन त्याच्याखाली जातं.