'हा विचार नको' म्हटलं की तो जास्त का येतो

भाजी चिरताना शेजारी रांगणाऱ्या माझ्या मुलाकडे नजर जायची आणि डोक्यात यायचं, 'ही सुरी मी याला खुपसली तर?' हातपाय गार पडायचे. पण चिंता वाढलेली असताना असे विचार येणं फार सर्रास आहे, आणि जे आपल्याला सगळ्यांत प्रिय, नेमकं त्याच्याबद्दलच ते येतात. रॅकमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की असे विचार कुठलाही आजार नसलेल्या लोकांनाही येतात. फरक पडतो तो आपण पुढे काय करतो त्याने.

१९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर 'आता खुशाल करा' म्हटल्यावर याच विद्यार्थ्यांना अस्वल जास्त आठवलं, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही. वेग्नर यांचं स्पष्टीकरण असं: विचार टाळताना मनाचा एक भाग दुसरं काहीतरी शोधतो आणि दुसरा भाग 'आला का, आला का' बघत पहारा देतो. पहारा द्यायचा तर तो विचार हाताशी ठेवावाच लागतो. झोप कमी झाली, धास्ती वाढली की पहिला भाग थकतो. पहारा मात्र चालूच.

माझ्या बाबतीत हा पहारा म्हणजे सुरी वरच्या फळीवर ठेवणं, नवऱ्याला 'मी असं काही करणार नाही ना, खरं सांग' असं पुन्हापुन्हा विचारणं आणि मनातल्या मनात रामरक्षा. दर वेळी थोडा वेळ बरं वाटतं, आणि तेवढ्यानेच मेंदू धडा घेतो की धोका खरा होता, या उपायामुळे टळला.

समुपदेशकांनी दिलेला क्रम उलटा होता. आधी मूल खोलीत असताना सुरी नुसती ओट्यावर ठेवायची. भीतीला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा आणि तिथेच थांबायचं. ते जमलं की गाजर चिरायचं. विचार आला की 'हा तोच विचार' एवढंच म्हणायचं आणि पुढची फोड करायची. वाद नाही, जप नाही, नवऱ्याला विचारणं नाही. त्यालाही सांगून ठेवलं होतं की मी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. खरं सांगायचं तर हाच भाग सगळ्यांत अवघड.

गाडी अडते ती एका ठिकाणी. आपण 'येऊ दे' म्हणतो, पण तो विचार जावा म्हणूनच म्हणतो. ओळखायची खूण सोपी: गाजर संपायच्या आधीच मन विचारतं, 'गेला का?' तो पहाराच. त्या प्रश्नालाही उत्तर न देता चिरत राहायचं. आकडा उतरलाच पाहिजे असाही हट्ट नको. भीती असतानाही काम पूर्ण झालं, एवढं पुरतं.

हे सगळं नकोशा वाटणाऱ्या विचारांसाठी. इजा करावीशीच वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा बाळंतपणानंतर झोप उडून भ्रम होत असेल, तर हा सराव करत बसू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं आणि तोवर मुलाजवळ दुसरं कुणीतरी असावं.