आधी पाणी, मग फडकं

चष्मेवाल्यांना चष्मा पुसायला काहीही चालतं. सदऱ्याचं टोक, ओढणी, पदर, घामट रुमाल. समोरच्याशी बोलता बोलता चष्मा उतरवायचा, 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि खसाखसा चोळायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, कारण तेल गेलेलं नसतंच, काचभर पसरलेलं असतं.

अँटी-ग्लेअर काचेवर तर बोटाचा ठसा जास्तच उठून दिसतो. त्या कोटिंगचे थर अशा बेताने चढवलेले असतात की निरनिराळ्या थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारून टाकतो. वर तेल बसलं की तो हिशेब बिघडतो आणि तेवढीच जागा चकाकते. महागाची काच जास्त मळते असं नव्हे, ती मळ लपवत नाही.

पण खरा वैरी तेल नव्हे, धूळ. आपण काच म्हणतो ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते आणि धुळीतला वाळूचा कण तिच्यापेक्षा कितीतरी कठीण. तेलात असे कण चिकटून बसतात. कोरडं कापड फिरवलं की तेच कण काचेवरून फरफटत जातात, आणि कोटिंगची जाडी तर एका मायक्रॉनपेक्षाही कमी! मऊ मलमलीचा पदरही त्यामुळे निर्दोष नाही.

म्हणून आधी नळ. हात साबणाने धुवायचे, चष्मा कोमट किंवा गार पाण्याच्या धारेखाली धरायचा आणि धूळ वाहून जाऊ द्यायची. मग भांड्यांच्या साध्या लिक्विडचा एकच थेंब बोटावर घेऊन काचेच्या दोन्ही बाजू हलकेच चोळायच्या. फ्रेमची खाच आणि नाकावरच्या गाद्या विसरायच्या नाहीत, निम्मं तेल तिथेच दबा धरून असतं. स्वच्छ धुऊन चष्मा झटकला की कोटिंग शाबूत असलेल्या काचेवरून पाणी थेंब होऊन घरंगळतं. पाणी पसरून चिकटून राहिलं तर एक तर साबण किंवा तेल उरलंय, नाहीतर वरचा थर झिजलाय. उरलेलं पाणी मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपायचं, रगडायचं नाही.

गिझरचं कढत पाणी मात्र नको. उष्णतेने प्लॅस्टिक जास्त फुगतं, वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही, मग ते तडकतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याचंही हेच होतं. ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. साबणाने जातो तो डाग. या रेघा जात नाहीत, मग काच बदलण्यावाचून इलाज नाही. खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे आणि नेलपॉलिश रिमूव्हरही चष्म्यापासून लांबच बरे.

आणि ते डबीतलं फडकं! चष्म्याबरोबर आलं तेव्हापासून बिचाऱ्याने पाणी पाहिलेलं नसतं. तेही साबणाने धुवावं, पण कपड्यांचं कंडिशनर घालू नये, त्याचा ओशट थर थेट काचेवर उतरतो.