कोऱ्या रकान्यांबद्दलचा मेल

सोमवार, रात्री

आज तो मेल चौथ्यांदा उघडला आणि पुन्हा न पाठवता बंद केला. प्रबंधासाठी ज्यांचं मार्गदर्शन मिळावं असं फार मनापासून वाटतं, त्या प्राध्यापकांना लिहायचा हा पहिला मेल. मोजून पाहिले तर 430 शब्द झालेत. सुरुवात 'मला लहानपणापासून आकड्यांची आवड आहे' अशी, मग शाळेपासूनचे गुण, मग 'आपलं संशोधन अत्यंत प्रेरणादायी आहे' आणि शेवटी 'आपण सुचवाल त्या विषयावर काम करण्याची माझी तयारी आहे'. यातलं काहीच खोटं नाही. तरी वाचताना मी त्यात कुठेच दिसत नाही.

संध्याकाळी ताईला दाखवला. ती आमच्याच विभागात पीएचडी करते, तिसरं वर्ष आहे तिचं. तिने वरचं नाव बोटाने झाकलं आणि विचारलं, "हाच मेल आणखी किती जणांना पाठवता येईल?" कितीही जणांना, हे मलाच दिसलं. मग तिने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. मला ते नम्र वाटत होतं. ती म्हणाली, "अगं, यात तू सगळं काम त्यांच्यावर टाकलंस. विषय त्यांनी शोधायचा, तो तुला झेपेल का हेही त्यांनीच ठरवायचं, आणि तुला काय येतं ते तर तू सांगितलेलंच नाहीस."

मंगळवार

सकाळी नव्याने सुरू केलं. स्वतःबद्दल दोनच वाक्यं लिहायची, हे ताईने घातलेलं बंधन. पहिल्यात मी कोण आणि कुठल्या टप्प्यावर आहे. दुसऱ्यात मी स्वतःच्या हातांनी काय केलं आहे.

पहिलं सोपं होतं: संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रबंधासाठी आठ महिने हातात आहेत. आठ महिने हा आकडा लिहायचं मला सुचलं नव्हतं. ताई म्हणाली, होय किंवा नाही ठरवताना त्यांना सगळ्यात आधी तोच लागेल, कारण आठ महिन्यांचं काम आणि तीन वर्षांचं काम यांत विषयच वेगळा निवडावा लागतो.

दुसऱ्या वाक्यावर अडले. आधी लिहिलं, 'मला डेटा विश्लेषणाचा अनुभव आहे'. अनुभव कशाचा, ते या वाक्यातून कुणालाच कळणार नाही. खरं काय केलं होतं? मागच्या सत्रात एका पर्जन्यमापक केंद्राच्या चार पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी घेऊन मी त्यातल्या गाळलेल्या जागा भरायचा प्रयत्न केला होता. 41 दिवसांच्या नोंदीच नव्हत्या. आधी तिथे सरासरी भरली आणि नंतर ते सोडून दिलं. सरासरी भरली की सगळे भरलेले दिवस एकसारखे होतात, चढउतार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि मोठा पाऊस तर पुसूनच जातो. म्हणून जवळच्या केंद्राच्या नोंदींवरून अंदाज बांधला. हे सगळं एका वाक्यात बसलं, आणि त्या वाक्यात पहिल्यांदा मी दिसले.

बुधवार, उशिरा

आजचा दिवस सर्वांत अवघड गेला, पण तो इथे नीट उतरवून ठेवायचा आहे.

प्राध्यापकांचा अलीकडचा एक शोधनिबंध मी दोनदा वाचला आहे. पावसाच्या नोंदींतल्या गाळलेल्या जागा भरण्याची त्यांची पद्धत एका गृहीतकावर उभी आहे, आणि ते त्यांनी स्वच्छ मांडलंय. नोंदी का हरवतात याची जी तीन प्रकारांची विभागणी आम्ही शिकतो, तिचं मूळ डोनाल्ड रुबिन यांच्या 1976 च्या लेखात आहे. कधी नोंद निव्वळ योगायोगाने हरवते. कधी ती का हरवली, हे आपल्या हाती असलेल्या दुसऱ्या नोंदींवरून समजावता येतं. आणि कधी हरवलेली किंमतच तिच्या हरवण्याचं कारण असते. त्यांची पद्धत दुसरा प्रकार धरून चालते.

आता माझी निरीक्षणं. शेजारच्या केंद्रावर सर्वाधिक पाऊस पडलेले वरचे दहा टक्के दिवस मी 'जोराचे' धरले. नोंदी योगायोगाने हरवत असत्या तर 41 पैकी साधारण चार अशा दिवशी असायला हव्या होत्या. होत्या 23. म्हणजे यंत्र नेमकं पाऊस जोरात असतानाच बंद पडत होतं. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. म्हणून मेलमध्ये लिहिलं, 'आपलं गृहीतक माझ्या नोंदींना लागू पडत नाही असं मला आढळलं.'

ताईने ते वाक्य वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "23 हा आकडा तुला कुठून मिळाला?" शेजारच्या केंद्रावरून. "म्हणजे हरवण्याचं कारण तुझ्या हातातल्या नोंदीवरून समजावता आलं ना? मग हा दुसराच प्रकार झाला."

तिचं बरोबर होतं. योगायोग नाही एवढंच मी दाखवलं होतं. त्यांचं गृहीतक मोडायचं तर शेजारचा पाऊस लक्षात घेऊनही नोंद हरवणं त्या केंद्रावरच्या न दिसलेल्या पावसावर अवलंबून आहे, हे दाखवायला हवं. आणि ते फक्त याच नोंदींवरून तपासता येत नाही, कारण तपासायला जी किंमत लागते तीच गायब आहे. बाहेरून काहीतरी आणावं लागतं, जसं की दुरुस्तीची वही किंवा त्याच जागेवरचं दुसरं यंत्र.

मी ते वाक्य खोडलं आणि त्याच्या जागी प्रश्न लिहिला. शेजारचं केंद्र धरल्यावर तुमचं गृहीतक कितपत पुरेसं ठरतं, आणि ते ढिलं केलं तर मोठ्या पावसाचे अंदाज किती हलतात? त्या विषयावरच्या जाणकार माणसाला हे चुकीचं वाक्य गेलं असतं, या विचाराने बराच वेळ अस्वस्थ होते. पण हा प्रश्न मला खरोखर पडला आहे. त्याचं उत्तर मला माहीत नाही आणि ते शोधण्यात आठ महिने घालवायला आवडतील. विषय मिळाला तो असा.

गुरुवार

बारीकसारीक गोष्टी. शोधनिबंधावरचा त्यांचा ईमेल पत्ता आधीच्या संस्थेतला निघाला. निबंध छापून झाल्यावर त्यांनी संस्था बदलली होती, म्हणून सध्याच्या विभागाच्या पानावरून नवा पत्ता घेतला. त्याच पानावर 'विद्यार्थ्यांसाठी' अशी छोटी सूचना होती: मेलसोबत एका पानाचा परिचय जोडा. मी आठ पानांची गुणपत्रकं जोडणार होते. विषयाच्या ओळीत 'संशोधन मार्गदर्शनाबाबत विनंती' होतं, ते बदललं. आधीच्या तुकड्यांतून चिकटवलेल्या ओळींचा टाइप वेगळा दिसत होता, म्हणून सगळा मजकूर साधा करून घेतला. पाठवण्याआधी स्वतःलाच एकदा पाठवून फोनवर उघडून पाहिला. न उघडता विषय आणि पहिली ओळ तेवढी दिसते. म्हणून नमस्कारानंतर लगेच मी का लिहिते आहे ते आलं पाहिजे.

शेवटी गेला तो असा:

विषय: पावसाच्या हरवलेल्या नोंदी: पदव्युत्तर प्रबंधासाठी मार्गदर्शनाची विनंती

माननीय प्राध्यापक,
सादर नमस्कार.

पावसाच्या हरवलेल्या नोंदींवरच्या माझ्या प्रबंधासाठी आपलं मार्गदर्शन मिळू शकेल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रबंधासाठी माझ्याकडे आठ महिने आहेत. मागील सत्रात एका केंद्राच्या चार पावसाळ्यांतील 41 हरवलेल्या नोंदी मी शेजारच्या केंद्राच्या आधारे भरून पाहिल्या. त्यातल्या 23 शेजारी जोराचा पाऊस असलेल्या दिवसांच्या होत्या.

आपल्या शोधनिबंधातील पद्धतीत नोंदी हरवण्याचं कारण उपलब्ध नोंदींवरून समजावता येतं असं धरलं आहे. हे गृहीतक थोडं ढिलं केल्यास मोठ्या पावसाचे अंदाज किती बदलतात, हे मला अभ्यासायचं आहे.

या विषयावर पंधरा मिनिटं बोलण्याची संधी मिळाल्यास मी आपल्या सोयीच्या वेळी येईन. आपण सध्या नवे विद्यार्थी घेत नसाल तर तसं कळवलंत तरी मदत होईल. एका पानाचा परिचय सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू

खाली माझं नाव, विभाग. प्रत्यक्ष मेलमध्ये 'माननीय प्राध्यापक'नंतर त्यांचं आडनाव होतं, ते तीनदा तपासलं. 'तसं कळवलंत तरी मदत होईल' हे वाक्य ताईला नको होतं, तिच्या मते ते नकार मागून घेतल्यासारखं आहे. मी ते ठेवलं. माणसाला नाही म्हणणं सोपं करून दिलं पाहिजे असं मला वाटतं, आणि नकार लवकर कळला तर मला दुसरीकडे विचारता येतं.

पुढच्या आठवड्यातला सोमवार

उत्तर नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातला गुरुवार

पाठवून दोन आठवडे झाले. त्याच मेलला जोडून दोन ओळी लिहिल्या: आधीचा मेल खाली आहे, विनंती तीच आहे, आणि मधल्या काळात आपला जुना निबंधही वाचला. आता यापुढे आठवण करायची नाही असं ठरवलं आहे. यानंतरही उत्तर आलं नाही तर ताईने सुचवलेल्या दुसऱ्या बाईंसाठी नवा मेल लिहायचा, यातला मजकूर न उचलता, कारण त्यांचं काम वेगळं आहे.

शनिवार

उत्तर आलं. तीन ओळींचं. मेल वेळेत पाहता आला नाही याबद्दल दिलगिरी, मंगळवारी अकरा वाजता भेटू, आणि एक प्रश्न: "उरलेल्या 18 दिवशी शेजारचं केंद्र चालू होतं का?"

लगेच फाइल उघडली. एकेक तारीख पाहत गेले. 18 पैकी सात दिवशी शेजारचा रकानाही कोरा होता. मी जोराचे दिवस मोजले तेव्हा ज्या रकान्यात आकडाच नाही तो आपोआप 'जोराचा नाही' या बाजूला गेला होता. कोऱ्या रकान्याला मी साधा दिवस समजत होते. दोन्ही केंद्रं एकदम बंद पडलेले ते सात दिवस नेमके कसे होते, हे शेजारच्यावरून सांगता येणार नाही.

म्हणजे 41 पैकी 23 असं म्हणता येत नाही. शेजारची नोंद असलेल्या 34 पैकी 23, आणि सात अज्ञात. मंगळवारपर्यंत न थांबता त्यांना आत्ताच तसं लिहिलं, माझी मोजणी कुठे चुकली तेही लिहिलं आणि त्या सात तारखा सोबत जोडल्या. मग तिसऱ्या एखाद्या केंद्राच्या नोंदी मिळतात का ते शोधायला बसले.