शाकारणीचा मेल कुणाला दिसला, कुणाला नाहीच

इथे हॅम्बुर्गमध्ये बसून गुहागरचं घर सांभाळायचं म्हणजे सगळा कारभार मेलवर. व्हॉट्सॲप आहेच हो, पण तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कौलांचा हिशोब वाहून जातो, म्हणून घराच्या खर्चाचं जे काही असेल ते मेलवर करायचं असं आमच्या दादाने ठरवून टाकलंय. दादा गावात, आतेभाऊ पुण्यात, मी इथे.

तर यंदा पावसाआधी घर शाकारायचं होतं, दादाने कारागिराकडून अंदाज घेतला आणि "कौलांचा खर्च" असा विषय टाकून आम्हा दोघांना मेल केला. मी काहीतरी शंका विचारली, आतेभावाने फोटो मागितले, सगळं नीट एकाखाली एक. मग पाखाडीच्या बाजूच्या रिपा कुजलेल्या निघाल्या आणि खर्च वाढला. दादाने त्याच मेलला रिप्लाय करून नवा आकडा टाकला, पण जाता जाता विषय बदलून "कौलांचा खर्च - नवीन रेट" असा केला, म्हणजे आमचं लक्ष जावं म्हणून. झालं उलटंच. आतेभावाने जुन्याच साखळीत "चालेल, करून घे" लिहिलं आणि पैसेही जुन्या आकड्याचे पाठवले. मी फोन केला तर म्हणतो, "ताई, नवीन रेटचा मेल मला आलाच नाही गं." माझ्याकडे तर तो पहिल्या मेलच्या अगदी खालीच दिसत होता, मी म्हटलं अरे आहे ना तिथेच, नीट बघ. तो बघतोय, मी बघतेय, आणि दोघांचंही बरोबर.

कारण तो जीमेलवर आणि मी थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रॅमवर. (इथे ऑफिसात पोट्ट्यापोट्ट्यांनी शिकवलेली सवय, घरीही तेच वापरते.)

मेल एकमेकांना कसे चिकटतात ते बघा. प्रत्येक मेलला पाठवताना एक ओळखनंबर मिळतो, तो आपल्याला दिसत नाही. आपण रिप्लाय दाबला की नव्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी लपलेल्या ओळींत, आधीच्या मेलचा नंबर लिहिला जातो, आणि त्याच्याही आधीचे सगळे नंबर एका ओळीत मागे लावले जातात. दादाचा तो नवीन रेटचा मेल आतून साधारण असा होता (नंबर मी सोपे केलेत):

```
Message-ID: <c3@mail.example>
In-Reply-To: <b2@mail.example>
References: <a1@mail.example> <b2@mail.example>
```

म्हणजे हा मेल कुणाचा कोण ते आत स्वच्छ लिहिलेलं आहे. थंडरबर्ड मुळात याच ओळी वाचतं, विषयाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून माझ्याकडे तो जागच्या जागी आला. जीमेल या ओळी बघतंच, पण जोडीला विषयही बघतं, आणि विषय बदलला की साखळी तोडून नवीन चालू करतं. त्यांच्या मदतपानावर हे सरळ लिहिलेलं आहे. तेव्हा आतेभावाकडे मेल आला होता, फक्त वेगळी ओळ म्हणून इनबॉक्समध्ये वर आला आणि बँकेच्या, वीजबिलाच्या गर्दीत खाली सरकला. जुनी साखळी उघडून बसलेल्या माणसाला तिथे काहीच नवीन दिसणार नाही.

आता याच्या बरोब्बर उलटं पण झालं. पैशांचा घोळ निस्तरल्यावर आतेभावाने फोनवरून नवा मेल उघडला, पत्ते घातले आणि विषयाच्या जागी हाताने "Re: कौलांचा खर्च" टाइप केलं. त्याला वाटलं झाला रिप्लाय. पण रिप्लायचं बटण दाबलंच नाही तर आतमध्ये जुना नंबर येणार कुठून? In-Reply-To ची ओळच नाही. माझ्याकडे तो मेल सुटा, एकटाच पडलेला. दादाच्या जीमेलमध्ये मात्र जुन्या साखळीत जाऊन बसला, कारण विषय तोच, माणसं तीच आणि मधे आठवडासुद्धा गेला नव्हता, जीमेल या गोष्टीही धरतं. विषय बघताना सुरुवातीचं Re: ते सोडून देतं, म्हणून तेवढ्याने अडलं नाही. हेच आणखी महिन्याभराने लिहिलं असतं तर तिथेही जुळेल असं मी धरून चालले नसते.

तुमच्याकडे असं काही झालं तर भांडण्याआधी तपासून बघा. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, त्या मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन "Show original" घ्या. थंडरबर्डमध्ये Ctrl+U. मग तिथे References शोधायचं. ते असेल आणि तरी मेल वेगळा पडला असेल तर बहुतेक विषय कुणीतरी बदललाय, आणि नसेल तर समोरच्याने रिप्लाय न करता नवीन मेल लिहिलाय. मराठी विषय असेल तर तिथे =?UTF-8?B? ने चालू होणारं गिचमिड दिसेल, त्याला घाबरू नका, देवनागरी तशीच पॅक होऊन जाते.

इकडची म्हणून एक खास भानगड आहे. जर्मन आउटलुकमधून रिप्लाय केला की विषयाला Re: न लागता AW: लागतं, फॉरवर्डला WG:. माणसाला कळतं, पण विषय ताडून बघणाऱ्या प्रोग्रॅमला ते ओळखता आलं पाहिजे ना. मेल सर्व्हरने साखळ्या कशा लावाव्यात याचा जो नियम आहे, RFC 5256, 2008 सालचा, त्यात विषयातून काढून टाकायच्या शब्दांत re, fw आणि fwd एवढेच आहेत, AW नाही. मेलच्या मूळ नियमात, RFC 5322 मध्ये, तर स्पष्टच म्हटलंय की Re: लावायचं तर एकदाच लावा आणि दुसरं काही लावू नका, नाहीतर घोटाळे होतील. इथे ऑफिसात "AW: AW: WG: AW:" अशी आगगाडी रोज बघते मी! माझ्या ऑफिसच्या आउटलुकमध्ये ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड, तिथे आंतरराष्ट्रीय भागात रिप्लायची हेडर इंग्रजीत ठेवायची एक टिक आहे, ती मी पहिल्यांदा करून घेतली. बाकीच्यांना सांगायच्या फंदात पडले नाही.

मग घरच्या मेलांसाठी आम्ही असं ठरवलं की चालू विषयाला हात लावायचा नाही, आकडा बदलला तर तो मेलच्या पहिल्या ओळीत लिहायचा. आणि विषय खरंच वेगळा असेल, म्हणजे कौलांवरून विहिरीच्या पंपावर आलो, तर रिप्लाय नको, कोरा मेल. कारण दादाला सवय आहे, माझा कुठलाही जुना मेल काढायचा आणि त्यालाच रिप्लाय करून पंपाचं लिहायचं. तसं केलं की पंप कौलांच्या साखळीत अडकतो, आणि विषय बदलला तरी माझ्याकडे अडकलेलाच राहतो, References आत असतात ना. जीमेलमध्ये तर एकदा गुंतलेले मेल हाताने वेगळे करायची किंवा तुटलेले जोडायची सोयच नाही. शंभरावर मेल झाले की ते स्वतःच साखळी तोडतं, पण आमचं घर अजून तेवढं पडलेलं नाही.

आत्याला हे समजावण्यात अर्थ नव्हता. तिच्याही पत्त्यावर प्रत जाते, आणि तिला एका ओळीवर टिचकी मारली की आत पाच मेल निघतात हेच मुळात आवडत नाही. तिच्या जीमेलमध्ये सेटिंग्जला जाऊन कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करून दिला, आता तिला प्रत्येक मेल सुटा दिसतो, जसा आला तसा, सगळ्यात नवा वर. बदल फक्त तिच्याकडे होतो, आमच्याकडच्या साखळ्या होत्या तशाच. आणि खरं सांगायचं तर नवीन रेटचा मेल सगळ्यात आधी तिनेच वाचला होता.