चोवीस हजार आठशेची ओळ

ऑगस्ट २०२५ मध्ये, विवरणपत्रांच्या ऐन घाईत, एका ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर वडिलांच्या पेन्शन स्लिपचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "मॅडम, बाबांचे दर महिन्याला सत्तावीस हजार शंभर रुपये टॅक्समध्ये कापतात. वर्षाचे सव्वातीन लाख झाले. यातले परत किती मिळतील?"

वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून २०१७ मध्ये निवृत्त झालेले. स्लिप ऑक्टोबर २०२४ ची. कागदाला मधोमध घडी होती, फोटो तिरका होता आणि व्हॉट्सअ‍ॅपने तो दाबून लहान केला होता. तरी ओळी लागत होत्या. बेसिक पेन्शन ६२,०००, त्याखाली कम्युटेशन २४,८००, मग डीआर ३२,८६०, एरियर्स, आय-टॅक्स २,३०० आणि शेवटी निव्वळ जमा ७३,३४०. एरियर्सचा, म्हणजे थकबाकीचा, आकडा नेमका घडीवर आला होता. ५,५३० की ५,५८० हे डोळ्यांना ठरवता येईना. दाबलेल्या फोटोत इंग्रजी तीन आणि आठ असेच एकमेकांत मिसळतात.

सत्तावीस हजार शंभर कुठून आले ते लगेच लक्षात आलं. ताईंनी २४,८०० आणि २,३०० या दोन्ही वजा ओळी एकत्र करून त्यांना टॅक्स म्हटलं होतं. बहुतेक घरांत हीच गफलत होते, कारण स्लिपवर दोन्ही कपातीच दिसतात. पण २४,८०० हा कर नाही. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्याला कम्युटेशन म्हणतात. केंद्रात जास्तीत जास्त चाळीस टक्के भाग असा विकता येतो आणि तेवढी रक्कम पुढची पंधरा वर्षं दर महिन्याच्या पेन्शनमधून कमी होते. ६२,००० चे चाळीस टक्के बरोबर २४,८००. एखाद्या वजा ओळीला बेसिकने भागल्यावर असा स्वच्छ चाळीस किंवा त्याखालचा गोल टक्का आला, तर ती बहुतेक कम्युटेशनचीच असते. कराच्या रकमेचं बेसिकशी असं सरळ नातं नसतं.

आता डीआर, म्हणजे महागाई सवलत. ही मूळ बेसिकवर मिळते, कम्युटेशन वजा केलेल्या पेन्शनवर नाही. ३२,८६० ला ६२,००० ने भागलं की ०.५३ येतात, म्हणजे त्रेपन्न टक्के. १ जुलै २०२४ पासूनचा दर तोच होता. कुणी चुकून कम्युटेशन वजा केलेल्या ३७,२०० ने भागलं तर अठ्ठ्याऐंशीच्या वर काहीतरी विचित्र टक्का येतो. केंद्राचा डीआर त्या काळात पूर्णांकातच जाहीर होत होता, त्यामुळे असा अपूर्णांक दिसला की भागाकार तरी चुकलेला असतो किंवा फोटोतला आकडा तरी.

घडीतला आकडाही याच दराने सोडवला. त्रेपन्न टक्क्यांची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, त्याआधी पन्नास टक्के मिळत होते. फरक तीन टक्के, म्हणजे ६२,००० वर १,८६०. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने थकले होते. १,८६० गुणिले तीन, ५,५८०. ५,५३० ला तीनने भागून पूर्ण रुपयेही येत नाहीत. तरी एका पुराव्यावर थांबू नये. म्हणून ताईंना पासबुकातली त्या महिन्याची नोंद पाहायला सांगितली. तिथेही ७३,३४० च होते. त्यात कराचे २,३०० परत मिळवले की ७५,६४० होतात. त्यातून चालू महिन्याचं पेन्शन वजा केलं: ६२,००० उणे २४,८०० म्हणजे ३७,२००, अधिक ३२,८६०, एकूण ७०,०६०. उरले ५,५८०. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला तेव्हाच तो वहीत लिहिला.

म्हणजे त्या एका स्लिपमधून तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. महिन्याचं पेन्शन ७०,०६०, थकबाकी ५,५८० आणि कर २,३००. पासबुकातला ७३,३४० हा आकडा यातल्या एकाही गोष्टीचा नाही. त्याला बाराने गुणलं तर ८,८०,०८० येतात, आणि त्यात एका महिन्याची थकबाकी बारा वेळा मोजली जाते, कर मात्र उत्पन्नातूनच गळतो. उलट टोकाची चूक म्हणजे कम्युटेशन वजा न करता ६२,००० आणि ३२,८६० ची बेरीज बाराने गुणणं. त्याचे ११,३८,३२० होतात. विकलेला भाग आता महिन्याचं उत्पन्न नाही, तो मोजायचा नाही.

त्यामुळे एका स्लिपवरून वर्ष काढू नये, बाराही मागवाव्यात. मी ताईंना सांगितलं, कागद सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, चारही कोपरे फोटोत घ्या, पेन्शन आदेशाचा पीपीओ नंबर आणि खाते क्रमांक पट्टीने झाका, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

बाकीच्या स्लिपांत आणखी एक थकबाकी सापडली. मार्चचं पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं, त्यामुळे २०२४-२५ या आर्थिक वर्षाची पहिली स्लिप मार्च २०२४ ची होती. त्यात ४,९६० रुपये एरियर्स होते. जानेवारी २०२४ पासून डीआर सेहेचाळीसचा पन्नास झाला, त्यातले जानेवारी आणि फेब्रुवारीचे हे पैसे: २,४८० गुणिले दोन. स्लिपवर दोन्ही थकबाक्यांना एकच शब्द आहे, पण कराच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. ऑक्टोबरची थकबाकी त्याच आर्थिक वर्षातल्या महिन्यांची, त्यामुळे ती सरळ वर्षाच्या उत्पन्नात बसते. ४,९६० मात्र आदल्या वर्षाचे आहेत. अशा रकमेवर त्या वर्षी आयकराच्या कलम ८९ ची सवलत मागता येत होती आणि त्यासाठी विवरणपत्राआधी फॉर्म १०ई भरावा लागत होता. हिशेब करून पाहिला. नव्या करप्रणालीत ही रक्कम दोन्ही वर्षी दहा टक्क्यांच्याच टप्प्यात पडत होती, म्हणून सवलत शून्य आली आणि फॉर्म भरला नाही. वेतन आयोगाची मोठी थकबाकी असती तर हा हिशेब टाळणं महागात पडलं असतं.

वर्षाचं पेन्शन असं जुळलं: पन्नास टक्के दराचे चार महिने प्रत्येकी ६८,२००, त्रेपन्नचे आठ महिने थकबाकीसह प्रत्येकी ७०,०६०, अधिक ४,९६०. एकूण ८,३८,२४०. प्रमाणित वजावट ७५,००० गेल्यावर ७,६३,२४० उरले. त्यावर नव्या प्रणालीत उपकरासह कर २७,३८० च्या आसपास. बँकेच्या फॉर्म १६ मध्ये आणि आयकर खात्याकडच्या २६एएस या जमा कराच्या नोंदीत २,३०० चे बारा हप्ते, २७,६०० जमा दिसत होते. ही जुळणी मी नेहमी करतेच, कारण स्लिपवर कापलेला कर बँकेने भरलाच आहे याची खात्री २६एएसवरून होते.

परतावा आला २२० रुपये. सव्वातीन लाखांची अपेक्षा धरून बसलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मग ते चोवीस हजार आठशे कधी थांबणार?" निवृत्तीचा आदेश शोधायला सांगितला. एकरकमी पैसे मिळून पेन्शन कमी व्हायला सुरुवात झाली होती सप्टेंबर २०१७ मध्ये. पंधरा वर्षं मोजून मी त्यांना सप्टेंबर २०३२ लिहून दिलं आणि त्या महिन्याची स्लिप नीट तपासायला सांगितली. कपात वेळेवर थांबली नाही, तर अर्ज करावा लागतो, आणि मग परत येणारी रक्कम पुन्हा त्याच एरियर्सच्या ओळीत दिसते.